मदत हवी आहे : पहाटेपासून मुलीला उलट्या, उलटी थांबवण्याचे औषध द्यावे का?

चोपडेकर_आई (सकाळी ७.४०)
माझ्या मुलीला पहाटेपासून उलट्या होत आहेत. ओआरएस दिले, तेही लगेच बाहेर पडले. घरात गेल्या वर्षीची उलटीच्या औषधाची बाटली आहे. ती द्यावी की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे. आमचे नेहमीचे डॉक्टर अकराशिवाय येत नाहीत.

घाटवाट
आमच्या मुलालाही कन्नड घाट लागला की हमखास उलटी होते. चाळीसगाव सोडण्याच्या अर्धा तास आधी प्रवासाची गोळी द्यावी आणि त्याला पुढच्या सीटवर बसवावे, म्हणजे त्रास होत नाही.

चोपडेकर_आई
दादा, आम्ही घरीच आहोत, प्रवासाचा काहीही संबंध नाही.

मालतीमावशी
ताई, मी जळगावला बालरुग्ण विभागात बरीच वर्षे परिचारिका होते. बाटलीबद्दल नंतर बोलू, आधी हे सांगा : मुलीचे वय आणि वजन किती, उलट्या किती झाल्या आणि त्यांचा रंग कोणता, शेवटची लघवी केव्हा झाली, जुलाब किंवा ताप आहे का, काल कुठे डोक्यावर पडली होती का, आणि ओआरएस नेमके कसे कालवले व किती पाजले?

केळीबाग_रावेर
एवढ्या चौकशा कशाला? डॉम्पेरिडोनचे सिरप सगळ्यांच्या घरी असते. आमच्याकडे एक उलटी झाली की लगेच देतो आणि मूल तासाभरात खेळायला लागते.

मालतीमावशी
दादा, एकच उलटी झालेले मूल बहुतेक वेळा औषध न देताही तासाभरात खेळायला लागते, म्हणून श्रेय सिरपला मिळते. एका उलटीनंतर औषधाची गरजच नसते. तोंड पुसावे, दहा मिनिटे काही पाजू नये, मग चमच्याने पाणी किंवा ओआरएस सुरू करावे, आणि मुलाने मागितले की वरणभात किंवा मऊ खिचडी द्यावी. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध तर अजिबात थांबवू नये. शिवाय लहान मुलांच्या जुलाब-उलट्यांत डॉम्पेरिडोनचा उपयोग फारसा दिसत नाही.

चोपडेकर_आई (८.०५)
वय साडेतीन वर्षे, वजन १३ किलो. तीनपासून पाच उलट्या झाल्या. पहिल्या दोन अन्नाच्या होत्या, नंतर नुसते पाणी, शेवटची हिरवट-पिवळी. एक पातळ शौच झाली, अंग थोडे कोमट आहे, पडलेली नाही. लघवी रात्री झोपताना झाली होती. ओआरएसचे मोठे पाकीट होते, त्यातले अंदाजे पाव पाकीट एका ग्लासात कालवले. तिला खूप तहान लागली होती म्हणून तिने अर्धा ग्लास एका दमात प्यायला आणि पाच मिनिटांत उलटी झाली.

मालतीमावशी
घोटाळा बहुधा याच ग्लासात आहे. साधारण २१ ग्रॅमचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते अंदाजाने वाटले की क्षार कमी-जास्त होतात, आणि घट्ट झालेले ओआरएस जुलाब वाढवू शकते. संपूर्ण पाकीट मोजलेल्या एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा आणि चोवीस तासांनी उरलेले फेकून द्या. दुसरे म्हणजे, चिडलेले पोट अर्धा ग्लास एकदम ठेवून घेत नाही. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, दर दोन मिनिटांनी द्या. ऐकायला ही मात्रा हास्यास्पद वाटते, पण तासाला १५० मिली आणि चार तासांत ६०० मिली पोटात जाते, तिच्या वजनाला ते पुरे आहे. ती ग्लास मागेल, रडेल, तरी ग्लास तिच्या हाती देऊ नका. मध्येच उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने सुरू करा.

रंग मात्र दिव्याखाली ठरवू नका. पुढची उलटी पांढऱ्या कापडावर घेऊन उजेडात पाहा. पोट रिकामे झाल्यावर पिवळसर पाणी पडणे नेहमीचे आहे. पालकाच्या रसासारखा गडद हिरवा रंग दिसला किंवा रक्त दिसले, तर चमचा ठेवून लगेच रुग्णालय गाठा, कारण आतड्यात अडथळा असू शकतो. पोट सतत दुखणे, फुगणे, मूल सुस्त पडून हाकेला प्रतिसाद न देणे, रडताना अश्रू न येणे, यांतही अकराची वाट पाहू नये.

पारोळ्याची_आजी
आमच्याकडे साळीच्या लाह्या पाण्यात भिजवून ते पाणी गाळून देतात, आणि मोरपिसाची राख मधात चाटवतात. तुमच्या पाकिटांआधीही मुले वाढतच होती.

मालतीमावशी
आजी, लाह्यांचे पाणी चिमूटभर मीठ घालून दिले तर माझी हरकत नाही, पाकीट नसेल तेव्हा ते उपयोगाचेच आहे. राखेचे मात्र मी सुचवणार नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच नको.

शिरपूरकर
तयार खोक्यातले पेय द्या, मुलांना ते आवडते.

केळीबाग_रावेर
त्यात साखर भरमसाट असते, त्याने जुलाब वाढतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाईही केली आहे. पण मावशी, मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. पाच उलट्या झाल्यावरही औषध नको का?

मालतीमावशी
पाच उलट्यांनंतर तुमचा प्रश्न रास्त आहे. योग्य रीतीने चमच्याने पाजूनही पोटात काही टिकत नसेल आणि शोष सुरू होत असेल, तर डॉक्टर तोंडाने ओंडानसेट्रॉनची एक मात्रा देतात. साधारण १३ किलोच्या मुलाला २ मिलिग्रॅम, बाटलीत ५ मिलीमागे २ मिलिग्रॅम असेल तर ५ मिली. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चमचे सुरू होतात. उद्देश उलटी दडपण्याचा नसून ओआरएस पोटात टिकवण्याचा असतो. त्याने जुलाब थोडे वाढू शकतात, आणि हृदयाच्या ठोक्यांचा जन्मजात दोष असलेल्या मुलाला ते चालत नाही. गडद हिरवी उलटी, पोटदुखी किंवा डोक्याला मार असताना तर ते घरी देऊच नये, कारण खरा आजार झाकला जातो. ताई, तुमच्या बाटलीवर काय लिहिले आहे?

चोपडेकर_आई
नाव पुसले गेले आहे, ‘मेटोक्लो’ एवढेच वाचता येते. मुदत मार्चमध्ये संपली.

शिरपूरकर
ती देऊ नका! माझ्या भाच्याला त्याच औषधाने मान एका बाजूला वळून डोळे वर गेले होते. आम्ही फिट समजून धावलो, इंजेक्शननंतर अर्ध्या तासात ठीक झाला.

मालतीमावशी
शिरपूरकर बरोबर सांगतात, लहान मुलांत तसे होते. ताई, ती बाटली टाकून द्या.

चोपडेकर_आई (दुपारी १२.५०)
पांढऱ्या रुमालावर रंग फिका पिवळाच दिसला. साडेआठपासून मोजून चमचे दिले. नऊ वाजता एक उलटी झाली, दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू केले, त्यानंतर झाली नाही. साडेदहाला लघवी झाली, गडद पिवळी आणि थोडी. डॉक्टरांनी पोट तपासले आणि तूर्त उलटीचे औषध नको म्हणाले. जुलाब वाढल्याने ओआरएससोबत झिंक १४ दिवस लिहून दिले. सासरे सलाईन लावा म्हणत होते, डॉक्टरांनी तोंडाने जात आहे तोवर नको म्हटले. झिंक दिल्यावर ती ओकली तर पुन्हा द्यायचे का, हे विचारायचे राहून गेले.

मालतीमावशी
पंधरा मिनिटांच्या आत पडले तर पुन्हा द्यावे असे आम्ही सांगत असू.

केळीबाग_रावेर
आमचे डॉक्टर अर्धा तास सांगतात.

मालतीमावशी
दोन्ही सांगितले जाते. ताई, तुम्ही तुमच्या डॉक्टरांनाच फोन करून विचारा, आणि रात्री झोपण्याआधी लघवी झाली का ते इथे लिहा.