रात्रपाळी, पहाटे तीनचे जेवण आणि सकाळी न लागणारी भूक : आपले अनुभव लिहा

निशिगंध : गेली नऊ वर्षे मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे आणि महिन्यातले साधारण दहा दिवस माझी पाळी रात्री ८ ते सकाळी ८ अशी असते. उसंत मिळते तेव्हा, म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास, मी पूर्ण जेवत असे. तेच अन्न दिवसा सहज पचते, पण त्या वेळी खाल्ले की पोटात दगड ठेवल्यासारखे वाटते आणि घरी येऊन आडवे होताच छातीत जळजळ सुरू होते. बारा तासांच्या धावपळीनंतरही सकाळी घास घ्यावासा वाटत नाही, आणि संध्याकाळी मात्र भूक आवरत नाही. दोष अन्नाचा आहे की वेळेचा, हे मला समजून घ्यायचे आहे. कृपया आपले अनुभव जेवणाच्या वेळांसह लिहावेत.

लेथवरचा : माझ्या मते शरीराला सवय लागते. सलग चार-पाच रात्री काम केले की पोट वळणावर येते. आमची पाळी दर आठवड्याला बदलते आणि खरा त्रास त्या बदलाच्या दिवसांतच होतो, कारण तेव्हा पोट साफ होत नाही आणि दिवसभर फुगलेले राहते.

दिनमान : मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे. मेंदूतले मुख्य घड्याळ प्रकाशावर लागते आणि ते दिवसाला साधारण तासाभरानेच सरकते. त्यातही घरी परतताना डोळ्यांवर पडणारे ऊन आणि सुट्टीतला नेहमीचा दिनक्रम त्याला पुन्हा मागे ओढतात. त्यामुळे बहुतेकांचे हे घड्याळ रात्रपाळीला पूर्णपणे जुळतच नाही. यकृत आणि आतड्यांच्या पेशींतही अशीच घड्याळे असतात, पण त्यांच्यावर जेवणाच्या वेळेचा मोठा प्रभाव असतो. उंदरांना त्यांच्या झोपेच्या वेळातच अन्न दिले, तर यकृताचे घड्याळ काही दिवसांत उलटते आणि मेंदूतले जागचे हलत नाही. आपल्याला जी सवय वाटते, ती बरेचदा घड्याळांची अशी फाटाफूट असते.

निशिगंध यांच्या तक्रारीत दोन गोष्टी दिसतात. घट्ट अन्न जठरातून पुढे सरकण्याचा वेग सकाळपेक्षा रात्री कमी असतो, म्हणून तीनचे जेवण रेंगाळते. भुकेचे म्हणाल, तर मंद प्रकाशात ठेवून केलेल्या प्रयोगांत ती सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त आढळली, मग शेवटचे खाणे केव्हाही झालेले असो. सकाळी आपली इच्छा मरते, याचा अर्थ शरीराला अन्न नको असा नाही. भुकेचे घड्याळ अजून दिवसाच्या वेळेवरच चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पहारा : मी सुरक्षारक्षक आहे आणि मला मधुमेह आहे. रात्री खाणे वाईट असे ऐकून मी मध्यरात्रीनंतरचे सर्व खाणे बंद केले, तर तिसऱ्या रात्री हात थरथरू लागले आणि दरदरून घाम फुटला. मग हे नियम आमच्यासाठी नाहीत का?

दिनमान : आपण हे लिहिलेत ते फार बरे झाले. साखर उतरवणारी औषधे चालू असताना डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवण वगळू नये, कारण डोसही त्याबरोबर बदलावा लागतो. रात्रपाळीचे अनुकरण करून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रात्री जेवणाऱ्यांची साखर वाढली आणि फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही, हे खरे आहे. पण त्यात अवघे १९ तरुण, निरोगी लोक होते. त्यावरून आपल्याला नियम घालून देणे मला पटत नाही.

लेथवरचा : आणि आम्ही रात्रभर वजन उचलतो. उपाशीपोटी ते कसे जमावे?

निशिगंध : गेल्या तीन फेऱ्या मी वेळा बदलून पाहिल्या. पूर्ण जेवण आता संध्याकाळी ६:३० ला, पाळीआधी घेते. मध्यरात्रीच्या आत वाटीभर पातळ, कमी तुपातेलाचे काहीतरी, आणि त्यानंतर फक्त पाणी. सकाळी घरी आल्यावर भूक नसली तरी थोडे खाते आणि दोन तासांनी आडवी होते. पहिल्या फेरीत पहाटे चारला फार गळून गेल्यासारखे झाले, म्हणून आता त्या वेळी एखादे फळ खाते. छातीतली जळजळ दुसऱ्या फेरीपासून जवळजवळ थांबली आहे. पोट साफ होण्याची वेळ मात्र अजून बसलेली नाही.

दिनमान : त्याला वेळ लागेल. मोठे आतडे झोपेत मंद असते आणि जाग आल्यावर जोर धरते. आपली जाग कधी सकाळची, कधी दुपारची. लेथवरचा यांचे पोट पाळी बदलताना अडते, तेही मला यामुळेच वाटते. वजन उचलणाऱ्याने पूर्ण उपास करावा असे मी म्हणणार नाही. मात्र रात्रीचा मोठा घास दोन लहान भागांत विभागून पाहावा. गिळताना अडकणे, काळी शौच किंवा विनाकारण वजन घटणे यांपैकी काही असेल, तर ते पाळीच्या माथी न मारता तपासून घ्यावे.

पहारा : उद्या डॉक्टरांकडे जातो आहे. पाळीच्या आणि जेवणाच्या वेळा कागदावर लिहून नेतो.