मदत हवी आहे : केळीच्या बागेच्या फोटोवर अक्षरं वाचता येत नाहीत

नमस्कार मंडळी, रावेरच्या एका रोपवाटिकेचं बॅनर करतोय. मागे केळीची बाग आहे, पानांतून ऊन झिरपतंय आणि उजवीकडे भरलेला घड. आधी पांढरी अक्षरं वरच्या निळ्या आकाशावर होती, छान उठून दिसायची. आता मालकांनी मजकूर वाढवला, त्यामुळे खालची ओळ पानांवर आली. गडद पानावर ती वाचता येते, पण ऊन पडलेल्या पिवळट पट्ट्यावर अर्धा शब्द गायब होतो.

अक्षरांना काळी किनार दिली, तर अनुस्वार आणि वेलांट्या भरून जातात. ‘केंद्र’ वाचायलाच त्रास होतो. मग मऊ सावली दिली : अंतर 0, ब्लर 20 पिक्सेल, गडदपणा 60 टक्के. पानांवर जमलं, उन्हाच्या तिरीपेवर मात्र कमीच पडते. ओळीमागे गडद हिरवी पट्टी 70 टक्क्यांवर ठेवली, तर अक्षरं स्वच्छ दिसतात, पण घड अर्धा झाकला जातो, आणि गिऱ्हाईक तर घड बघूनच रोपं घेतं.

सध्या विचार असा आहे, की डावीकडून काळा ग्रेडियंट मल्टिप्लायवर घ्यावा आणि घडापर्यंत पोचायच्या आत तो विरून जावा. त्याच भागात फोटोही थोडा ब्लर करावा, म्हणजे पानांच्या बारीक रेषा अक्षरांशी भांडणार नाहीत. फोटो कृष्णधवल करून, लहान करून पाहिला, की कुठलं अक्षर बुडतंय ते लगेच कळतं.

फ्लेक्सच्या छपाईत इतका हलका ग्रेडियंट टिकतो का, की पट्ट्या उमटतात? कुणी केलं असेल तर गडदपणा किती ठेवला ते सांगा.