कुष्ठरोगाचं औषध चालू असताना हात बधिर झाला तर

ए-302: गावाकडच्या दिरांना कुष्ठरोगाचं निदान झालंय. सात चट्टे आहेत, म्हणून वर्षभराचा कोर्स. महिन्याला एक अशी दोन पाकिटं संपल्यावर जुने चट्टे लाल होऊन सुजले, कोपर दुखतंय, करंगळी बधिर आहे. औषध उष्ण पडलं म्हणून घरच्यांनी दोन आठवड्यांपासून ते बंद केलंय.

बी-104 (त्वचारोगतज्ज्ञ): वहिनी, आधी औषध पुन्हा सुरू करायला सांगा. ही लक्षणं रिअ‍ॅक्शनची वाटतात. जंतू मरत असताना शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते आणि त्या झगड्यात चट्टे सुजतात, नसाही सुजतात. कोपराच्या आतल्या बाजूला हाडामागून जाणारी नस सुजली की दाबाने तिचं काम थांबतं. करंगळी आणि अनामिका तिच्याच ताब्यात असतात. दुर्लक्ष झालं तर ती बोटं कायमची वाकडी होतात. नसेची ताकद गेल्याला सहा महिने व्हायच्या आत उपचार झाले तर परत येण्याची चांगली आशा असते.

ए-302: मग गोळ्या बदलायच्या का?

बी-104: नाही. एमडीटी, म्हणजे पाकिटातली कुष्ठरोगाची औषधं, तीच राहते; सोबत सूज उतरवायला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. साधारण 40 मिलिग्रॅमपासून सुरुवात आणि दर दोन आठवड्यांनी कमी करत बारा आठवडे किंवा जास्त. आधी साखर, रक्तदाब आणि टीबी तपासतात. स्वतःहून दुकानातून आणू नका आणि मध्येच तोडू नका.
एक अपवाद लक्षात ठेवा. अंगभर खाजरं पुरळ, ताप, डोळे पिवळे असं झालं तर पाकिटातल्या डॅप्सोन या गोळीची अ‍ॅलर्जी असू शकते. तेव्हा ती गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लघवी लालसर होणं हे मात्र पाकिटातल्याच रिफाम्पिसिनमुळे, त्वचा काळपट होणं क्लोफाझिमिनमुळे. त्याला घाबरू नये.

सी-501 (फिजिओथेरपिस्ट): घरी एवढं पाहा. करंगळी आणि अनामिका सरळ ठेवून मधे कागद धरायला सांगा. हळूच ओढला आणि निसटला तर स्नायू कमजोर आहे. मग डोळे मिटवून तळव्यावर, करंगळीवर पेनाचं टोक हलकेच टेकवा आणि कुठे लागलं ते बोट ठेवून दाखवायला सांगा. दोन्ही हात ताडून पाहा, तारीख घालून लिहून ठेवा. दर पंधरवड्याला पुन्हा. वेदना नसताना गुपचूप ताकद जाते, ती अशीच सापडते.
कोपराला तेल चोळून मालिश अजिबात नको, सूज वाढते. दुखणं आहे तोवर हात मऊ पट्टीत विसावलेला ठेवा. व्यायाम नंतर. चुलीजवळ आणि गरम भांड्यांना बधिर हाताने स्पर्श नको, भाजलेलं कळत नाही.

ए-302: उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतील. दोन आठवड्यांचा खंड पडलाय, कोर्स पहिल्यापासून?

बी-104: नाही. बारा पाकिटं अठरा महिन्यांत पूर्ण झाली की चालतं. राहिलेलं पाकीट आणि कार्ड बरोबर न्यायला सांगा, आणि घरातल्या सगळ्यांची त्वचाही तपासून घ्या.