तीन गोलांत एक फोटो

"तीन गोलांतून एकच फोटो दाखवायचाय, पण Ctrl+7 दाबलं की वरचाच गोल उरतो."

Ctrl+7 ने मास्क लावताना, म्हणजे फोटो एका आकारापुरताच दाखवताना, इलस्ट्रेटर सगळ्यात वरचा एकच आकार धरतो. बाकीचे गोल फोटोसोबतच कापले जातात. म्हणून Ctrl+Z करा, फक्त तिन्ही गोल निवडून Ctrl+8 दाबा. त्यांचा एक कंपाउंड पाथ होतो. आता तो आणि फोटो निवडून Ctrl+7.

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याचा फ्लेक्स असाच केला होता, तर केळीचा घड नेमका दोन गोलांमधल्या फटीत जात होता. मास्कमागे फोटो पूर्ण शाबूत असतोच, त्यामुळे डायरेक्ट सिलेक्शन टूलने नुसता फोटो सरकवला आणि घड मधल्या गोलात आणला. गोलांची किनार मात्र मास्क करताना उडते, ती नंतर पाथ निवडून परत द्यावी लागते.