मदत हवी आहे: ओळखीच्या भाषणाची सुरुवात (प्रश्न विचारून नको)

तुर्भेकर: शनिवारी ओळखीचं भाषण आहे. सुरुवात लिहिली होती, "तुम्ही कधी पहाटे तीनला ट्रकच्या हॉर्नने जागे झाला आहात का?" मेंटॉरने त्यावर सरळ काट मारली. म्हणे, जो उठतो तो प्रश्नच विचारतो. मग करायचं काय, ते सांगितलं नाही आणि आता फोन उचलत नाहीत. बाकी भाषण तयार आहे, फक्त पहिलं वाक्य हवंय. पटकन सुचवा.

घोडबंदरचा_ट्रॅफिक: कसलं भाषण? ऑफिस, कॉलेज, वधू-वर मेळावा? किती मिनिटं? आणि ट्रक कुठून आला मध्येच?

वर्षाताई_नौपाडा: आधी नाव, मग शिक्षण, मग अनुभव सांगायचा. नोकरी सोडण्याचं कारण विचारल्याशिवाय बोलायचं नाही. माझ्या भाच्याची निवड अशीच झाली.

तुर्भेकर: ताई, मुलाखत नाहीये. टोस्टमास्टर्सचं आइसब्रेकर आहे, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबातलं पहिलं भाषण, वाशीच्या क्लबात. चार ते सहा मिनिटं. ट्रक कांद्याचे. मार्केटला गाळा आहे आमचा.

शब्दवेडा: चारोळी म्हणा! चार ओळींत सभागृह खिशात. हवी तर मी लिहून देतो, कांद्यावर तर डोळ्यांतलं पाणी आयतंच आहे.

नाना_कोपरी: चारोळी नको. ती ऐकताना लोक तुमच्याकडे नाही, चारोळीकडे बघतात. बरीच वर्षं अशी भाषणं ऐकतोय, म्हणून सांगतो. तुमच्या प्रश्नाला समोरच्या प्रत्येकाचं उत्तर "नाही" आहे. म्हणजे पहिल्याच वाक्यात तुम्ही त्यांना बाहेर उभं केलंत. शिवाय ओळख तुमची, आणि विचारताय त्यांच्या झोपेबद्दल.

प्रश्नचिन्ह काढून "मी पहाटे तीनला हॉर्नने जागा होतो" केलंत तरी थोडंच सुधारेल, कारण हे वाक्य मार्केटमधला कुणीही म्हणेल. गाळ्यावर गोणी फोडली की तुम्ही पहिलं काय करता? हाताने काय करता ते सांगा, मनात काय येतं ते नको.

तुर्भेकर: काय करणार? कांदा उचलतो, देठाकडची मान दाबून बघतो. मऊ लागली तर तो माल टिकत नाही, लगेच काढावा लागतो. वरचा रंग कितीही चांगला असला तरी. वडिलांनी शिकवलं.

नाना_कोपरी: झालं की! "कांदा घेताना लोक रंग बघतात. मी मान दाबून बघतो." इथे थांबा, मनात दोन आकडे मोजा. मग "ही मान दाबायला वडिलांनी शिकवलं" आणि त्यानंतर नाव. सूत्रसंचालकाने नाव आधीच पुकारलेलं असतं, त्यामुळे ते पहिल्या वाक्यात खर्च करू नका. हे सगळं अर्ध्या मिनिटात संपलं पाहिजे. चार मिनिटांना हिरवा दिवा लागतो, सहाला लाल. सुरुवातच लांबली की शेवट घाईत गुंडाळावा लागतो.

घोडबंदरचा_ट्रॅफिक: नाना, यापेक्षा "मी रोज पहाटे माना दाबतो" म्हणू दे. सगळे दचकतील!

नाना_कोपरी: दचकतील, हसतील, आणि पुढची पाच मिनिटं पुढच्या विनोदाची वाट बघतील. बाकीचं भाषण तसं आहे का? तुर्भेकर, मजकुरात आहे काय?

तुर्भेकर: शाळा, कॉलेज, बँकेची नोकरी, मग वडिलांचं आजारपण, गाळा. कांदा कुठेच नाही.

नाना_कोपरी: मग नुसतं पहिलं वाक्य बदलून भागायचं नाही. मान दाबून सुरुवात केली की ऐकणारा तो कांदा पुढे शोधत बसतो. बँक सोडली ती जागा तुमच्याकडे आहेच. गाळ्यावर नवीन असताना नुसता रंग बघून माल ठेवून घेतल्याचं काही घडलं असेल तर तिथे सांगा. घडलं नसेल तर रचू नका, लगेच कळतं. शाळा एका वाक्यात उरकली तरी चालेल.

अध्यक्ष_निवृत्त: आधी "सन्माननीय अध्यक्ष, सदस्य आणि पाहुणे" म्हणायलाच हवं. सभेची शिस्त आहे.

नाना_कोपरी: अभिवादन करावंच, पण मान दाबल्यानंतर केलं तरी कुणाचा अपमान होत नाही. तसा नियम मी तरी कुठे वाचलेला नाही.

अध्यक्ष_निवृत्त: आमच्या क्लबात चालत नसे.

तुर्भेकर: आमच्याकडे काय चालतं ते मेंटॉरनाच विचारतो, फोन उचलला तर. नाना, तसं घडलंय. दिवाळीच्या सुमाराचा लाल माल होता. लिहायला बसतो.

वर्षाताई_नौपाडा: अहो, साठवणीला कुठला घ्यायचा मग? माझे मागच्या पावसात सगळे कोंब फुटून गेले.

तुर्भेकर: ताई, उन्हाळी घ्या, एप्रिल-मेमधला. लाल टिकत नाही. पिशवीत बांधून ठेवू नका, हवेशीर पसरा.