कटसीनमध्ये पॉज केलं की गेम उडतो, पण सहकारी म्हणतो ‘माझ्याकडे होत नाही’ : तुमचे अनुभव लिहा

ओलीमाती

आम्ही चौघं मिळून युनिटीमध्ये एक छोटा गेम करतोय. मी लेव्हल आणि संवाद बघते, कोड एकटा प्रोग्रॅमर मित्र लिहितो. दुसऱ्या कटसीनमध्ये होडी धक्क्याला लागते आणि नावाडी बोलायला लागतो, तिथे मी `Esc` दाबलं की गेम उडतो. एरवी खेळताना कितीही वेळा पॉज करा, काही होत नाही. मी त्याला लिहिलं, "कटसीनमध्ये पॉज केलं की क्रॅश होतो, बघ ना." त्याने दहा मिनिटांत उत्तर दिलं, "माझ्याकडे होत नाही," आणि तक्रार बंद करून टाकली.

चूक माझ्या लिहिण्यात असावी. असा विशिष्ट क्षणीच होणारा बग तुम्ही सहकाऱ्याला कसा लिहून दिलात, किंवा तुम्हाला कुणी कसा लिहून दिला, ते सांगा. फसलेले प्रयत्नही चालतील.

खिळा

बारा वर्षं टेस्टिंग करतोय. आधी एक सांगा, गेम उडतो म्हणजे नक्की काय होतं? खिडकी आपोआप नाहीशी होते, की चित्र गोठतं आणि तुम्ही वैतागून फुलीवर क्लिक करता?

हे विचारायचं कारण असं. माझ्या आधीच्या कामात एकाने सहा महिने सगळ्याला ‘क्रॅश’च लिहिलं. प्रोग्रॅमर बिचारा क्रॅशची फाइल शोधत बसायचा आणि ती कधी सापडायचीच नाही, कारण गेम मेलेलाच नसायचा, अडकलेला असायचा. गोठलेल्या गेमवर दोन-चार क्लिक केले की विंडोज खिडकी फिकट करून ‘Not Responding’ दाखवतं, आणि बंद करायचं बटण शेवटी आपणच दाबतो. क्रॅश आणि हँग या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. प्रोग्रॅमर त्या वेगवेगळ्या ठिकाणी शोधतो.

दुसरं, लॉग लगेच उचलून ठेवा. युनिटीच्या गेमचा `Player.log` विंडोजवर `AppData\LocalLow` मध्ये तुमच्या कंपनीच्या आणि गेमच्या नावाच्या फोल्डरात असतो. पुन्हा गेम चालू केलात की तो `Player-prev.log` होतो. तिसऱ्यांदा चालू केलात की तोही गेला. ‘परत एकदा बघू’ म्हणत लोक नेमका पुरावा पुसतात. मीही पुसलाय.

रात्रपाळी

मला तर बघताक्षणी कळलं. पॉज करताना `Time.timeScale` शून्य करतात, मग `Time.deltaTime` शून्य होतो, आणि कुठेतरी त्याने भागाकार केलेला असणार. शून्याने भागलं की क्रॅश. शीर्षकातच ‘शून्याने भागाकारामुळे क्रॅश’ असं लिहा, तो लगेच शोधेल.

ताकभात

@रात्रपाळी, निम्मं बरोबर. `deltaTime` शून्य होतो हे खरं. पण तो फ्लोट आहे, आणि सी शार्पमध्ये फ्लोटला शून्याने भागलं तर अनंत किंवा `NaN` मिळतं, त्रुटी येत नाही. पात्र पडद्यावरून गायब होईल, गेम बंद पडणार नाही. आणि त्रुटी आलीच तरी युनिटी बहुतेक वेळा ती लॉगमध्ये लिहून पुढे चालू राहतं.

मी तक्रारी वाचणाऱ्या बाजूचा आहे, म्हणून कळकळीने सांगतो, शीर्षकात निदान लिहू नका. एकदा मला ‘आवाजाच्या फाइलमुळे क्रॅश’ अशी तक्रार आली. मी दोन दिवस आवाज तपासले. आवाजाचा संबंध एवढाच होता की तो त्याच सेकंदाला वाजायचा. अंदाज जरूर लिहा, पण सगळ्यात खाली, ‘माझा अंदाज’ म्हणून.

पिंट्याचे_बाबा

आमच्याकडेही हाच त्रास! मुलगा खेळताना जेवायला हाक मारली की म्हणतो कटसीन चालू आहे, पॉज होत नाही. बटण दाबलं तर सगळं पुढे पळतं. कुठलं बटण दाबायचं असतं?

खिळा

बाबा, बऱ्याच गेममध्ये तेच बटण थोडा वेळ दाबून धरलं की स्किप होतं. हलकं दाबून बघा. (आणि जेवण पाच मिनिटं उशिरा वाढा.)

सुपारी

माझा अनुभव अँड्रॉइडचा. टेस्टरने लिहिलं, ‘फोन आला की गेम बंद पडतो’. आम्ही खेळताना एकमेकांना वीस फोन लावले, काही झालं नाही. शेवटी मी त्याच्या शेजारी जाऊन बसले, तर त्याला फोन यायचा तो दर वेळी सुरुवातीच्या कटसीनमध्ये, कारण गेम उघडून तो चहा घ्यायला उठायचा! फोनचा स्वतःचा काही दोष नव्हता. फोन आला की गेम पॉज व्हायचा, आणि कटसीनमधला पॉज जड जायचा.

तेव्हापासून मी तक्रारीत ‘कशाने होत नाही’ हेही लिहिते. त्या दोन ओळी लिहायला अर्धा तास जातो, कारण ते सगळं करून बघावं लागतं.

ओलीमाती

@खिळा, लाज वाटते सांगायला, पण फुलीवर क्लिक मीच करत होते. गेम गोठतो, बंद पडत नाही. लॉगमध्येही शेवटी काही त्रुटी नाही, मध्येच संपतो.

काल संध्याकाळी दहा वेळा करून बघितलं. चार वेळा गोठला, सहा वेळा नाही. मोबाइलवर पडद्याचं चित्रीकरण करून पुन्हा पाहिलं, तर चारही वेळा सबटायटलची अक्षरं अजून एकेक करून उमटत होती. वाक्य पूर्ण झाल्यावर पॉज केलं तर काही होत नव्हतं. मग सबटायटल बंद करून पुन्हा दहा वेळा केलं, एकदाही नाही. हे पाठवलं:

> शीर्षक: होडीच्या कटसीनमध्ये सबटायटल उमटत असताना पॉज केल्यास गेम गोठतो
>
> बिल्ड: मंगळवारचा, विंडोज. सेटिंगमध्ये सबटायटल चालू.
>
> कृती: १. नवा गेम, धक्क्यापर्यंत जा. २. नावाड्याचं पहिलं वाक्य उमटायला लागलं की, ते पूर्ण होण्याआधी `Esc` दाबा.
>
> व्हायला हवं: पॉज मेनू उघडावा.
>
> होतं: चित्र गोठतं, मेनू येत नाही, संगीत चालू राहतं. दोन मिनिटं थांबले, सुटलं नाही. टास्क मॅनेजरमधून बंद करावं लागतं.
>
> किती वेळा: वाक्य अर्धं असताना १० पैकी १०.
>
> होत नाही: वाक्य पूर्ण झाल्यावर; सबटायटल बंद असताना; खेळताना; पहिल्या कटसीनमध्ये (तिथे संवाद नाहीत).
>
> सोबत: `Player.log`, १२ सेकंदांचा व्हिडिओ.

ताकभात

‘संगीत चालू राहतं’ ही ओळ सोन्यासारखी आहे. आवाज वेगळ्या धाग्यावर चालतो, म्हणजे मुख्य धागा कुठेतरी गोल गोल फिरतोय. काय म्हणाला तो?

ओलीमाती

वीस मिनिटांत सापडलं. त्याच्या मशीनवर सबटायटल कायम बंद असतात, म्हणून त्याला कधी दिसलंच नव्हतं. मेनू उघडण्याआधी अर्धं वाक्य पूर्ण करून टाकायला त्याने हे लिहिलं होतं:

```csharp
while (elapsed < lineTime)
    elapsed += Time.deltaTime;
```

पॉजमुळे `deltaTime` शून्य, मग `elapsed` पुढे सरकतच नाही आणि लूप संपत नाही. वाक्य आधीच पूर्ण असेल तर लूपमध्ये शिरतच नाही. आता तिथे `elapsed = lineTime;` एवढंच आहे.

रात्रपाळी

म्हणजे शून्य होतंच की! :)

ओलीमाती

होतं, होतं. पण आमच्या चौथ्या गड्याच्या जुन्या लॅपटॉपवर नव्या बिल्डमध्येही त्याच कटसीनला पॉज केलं की खिडकी खरोखरच नाहीशी होते. सबटायटल बंद असले तरी. पाचात एकदा. त्याने मला काय लिहून पाठवलं माहितीये? "अजून उडतोय गं."

खिळा

त्याला सांगा, गेम पुन्हा चालू करू नकोस, आधी लॉग पाठव. आणि ही नवी तक्रार म्हणून नोंदवा, जुनी उघडू नका.