मदत हवी आहे: व्हेंडरच्या करारातलं ७२ तासांचं कलम कसं बदलावं?

घरून रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या एका स्टार्टअपची प्रायव्हसी पॉलिसी आणि मेसेज पाठवणाऱ्या व्हेंडरसोबतचा डेटा प्रोसेसिंग करार शेजारी ठेवून तपासतोय. दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिलं, डेटा फुटल्यास व्हेंडर 'खात्री झाल्यापासून ७२ तासांत' कळवेल, असं कलम आहे. २०२३च्या डीपीडीपी या डेटा संरक्षण कायद्यात प्रोसेसरच्या, म्हणजे इथे व्हेंडरच्या, कामाचीही जबाबदारी स्टार्टअपवरच येते. २०२५च्या नियमांनुसार कळल्यावर डेटा प्रोटेक्शन बोर्डाला आणि ग्राहकांना विनाविलंब सांगायचं, शिवाय बोर्डाला ७२ तासांत तपशील द्यायचा. व्हेंडर सोमवारी संशय येऊनही शुक्रवारपर्यंत 'खात्री' करत बसला, तर ग्राहकांना आठवडाभर पत्ताच नाही. माझ्या मते 'खात्री'च्या जागी 'वाजवी संशय' आणि २४ तास हवेत. व्हेंडर मात्र शब्द बदलायला तयार नाही. निदान संशय येताच प्राथमिक ईमेल आणि तपशील नंतर, अशी दोन टप्प्यांची तडजोड कुणी करारात बसवली आहे का?

दुसरं, पॉलिसीत 'खातं बंद केल्यावर ३० दिवसांत सर्व माहिती पुसू' असं ठाम वचन आहे. व्हेंडरचे बॅकअप १८० दिवस राहतात, आणि त्यात रिपोर्टच्या लिंकसकट मोबाईल नंबर आहेत. शिवाय नियमांप्रमाणे लॉग किमान वर्षभर ठेवावे लागतात, म्हणजे 'सर्व' हा शब्दच खोटा ठरतो. पॉलिसीत बॅकअप आणि लॉगची मुदत वेगळी लिहायचीच आहे, पण ग्राहकाला सहज समजेल असं मराठी वाक्य कुणाकडे असेल तर कृपया द्या.